4.95 डॉलरची फुकट डबी आणि साडेतीनशेचं बिल

प्रश्न: आई सहा महिन्यांसाठी आमच्याकडे अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनला आलीये. 3 मार्चला तिने फेसबुकवर जाहिरात बघून चेहऱ्याच्या डागांवरचं क्रीम मागवलं, सॅम्पल फुकट, फक्त 4.95 डॉलर शिपिंग. मला विचारून, माझ्याच क्रेडिट कार्डावर. आज स्टेटमेंट नीट बघतोय तर त्याच दिवशी अजून 3.97, मग 17 मार्चला 89.97, 21 मार्चला 84.71, आणि परत तेच 16 आणि 20 एप्रिलला. नावं ओळखीची नाहीत. फोन केला तर म्हणतात तुम्ही टर्म्स मान्य केल्यात, फार तर 35 टक्के परत देतो. आई रडकुंडीला आलीये. बँकेला फ्रॉड म्हणून सांगू का? कार्ड बदललं की थांबेल ना? (स्टेटमेंट दर महिन्याच्या 25 ला येतं.)

उत्तर:

फ्रॉड म्हणून सांगू नका, आणि नुसतं कार्ड बदलून हे थांबेलच असं नाही. या दोन्ही चुका लोक हमखास करतात आणि मग जिंकायची केस हरतात. मी इथल्या एका कार्ड बँकेच्या डिस्प्यूट खात्यात, म्हणजे ग्राहकाने हरकत घेतलेले चार्ज तपासतात तिथे, नऊ वर्षं काढली, त्यातली निदान तीन तरी या फुकट डब्यांच्या मागे गेली असतील, तेव्हा जरा सविस्तर सांगतो.

आधी आईंना सांगा की त्यांचं काही चुकलेलं नाही, आमच्याकडे वकील, अकाउंटंट, एकदा तर दुसऱ्या एका बँकेचा मॅनेजरसुद्धा हेच घेऊन आला होता. पान तसंच बनवलेलं असतं.

तुमच्या तारखांवरून सगळं स्पष्ट दिसतंय. 3 मार्चपासून 14 दिवस मोजा, 17 मार्च येतो. 18 दिवस मोजा, 21 मार्च. म्हणजे दोन वेगवेगळ्या ट्रायल आहेत, एक 14 दिवसांची आणि एक 18 दिवसांची, आणि दोन्हींचे दिवस ऑर्डर दिल्या क्षणापासून चालू झालेत, डबी घरी आल्यापासून नाही. पार्सल यायला पाच-सात दिवस जातात, आठवडाभर क्रीम लावून बघेपर्यंत 14 दिवस संपलेले असतात. हे मुद्दाम असंच ठेवलेलं असतं.

आता 89.97 कशाचे, तर बहुतेकांना वाटतं दुसऱ्या महिन्याची डबी पाठवणार म्हणून आधी पैसे घेतले. तसं नाहीये. 17 मार्चचे 89.97 हे त्याच पहिल्या "फुकट" डबीचे आहेत, जी आईंच्या टेबलावर पडलीये. सॅम्पल म्हणून छोटी पुडी येत नाही, महिनाभर पुरेल अशी अख्खी डबी येते, आणि बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की 14 दिवसांत रद्द केलं नाही तर या डबीची पूर्ण किंमत लागेल आणि तिथून दर 30 दिवसांनी नवीन डबी येईल. 17 मार्च अधिक 30 दिवस, 16 एप्रिल. 21 मार्च अधिक 30, 20 एप्रिल. घड्याळ बरोबर चाललंय त्यांचं.

आणि ते 3.97? त्याची गंमत अशी की क्रीमची ऑर्डर देऊन झाली की लगेच एक पान येतं, त्यावर लिहिलेलं असतं थांबा, तुमची ऑर्डर अजून पूर्ण झाली नाही, आणि खाली मोठं बटण, ऑर्डर पूर्ण करा. माणूस ते दाबतो, त्याला वाटतं पहिलीच ऑर्डर पूर्ण होतेय, प्रत्यक्षात ती दुसऱ्याच वस्तूची ऑर्डर असते, डोळ्यांखालचं सीरम वगैरे, तिची शिपिंग वेगळी आणि ट्रायल वेगळी. आईंच्या पार्सलमध्ये एखादी न मागवलेली छोटी बाटली आली होती का विचारा, "भेट म्हणून पाठवली असेल" असं म्हणून ठेवून दिली असेल बहुतेक. हे मी मनाने सांगत नाहीये, अमेरिकन सरकारच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे एफटीसीने, 2018 मध्ये ट्रायँगल मीडिया नावाच्या कंपनीवर खटला भरला त्यात नेमकी हीच तक्रार होती, 4.95 किंवा त्याहून कमी शिपिंग सांगायची, मग एकेका पार्सलचे 98.71 डॉलरपर्यंत कापायचे, आणि त्या "ऑर्डर पूर्ण करा" पानातून दुसरी वस्तू गळ्यात मारायची.

हिशोब केला तर 4.95, 3.97, दोनदा 89.97, दोनदा 84.71, एकूण 358.28 डॉलर. यातले 4.95 आईंनी खरंच द्यायचे ठरवले होते. उरलेले 353.33. हा आकडा लिहून ठेवा, बँकेशी बोलताना हाच सांगायचाय.

आता फ्रॉड का म्हणायचं नाही ते. बँकेच्या भाषेत फ्रॉड म्हणजे "हा व्यवहार मी केलाच नाही, कोणीतरी माझं कार्ड चोरून वापरलं". तुम्ही फोनवर हा शब्द उच्चारलात की समोरची मुलगी तो पर्याय निवडते, व्हिसाचं कार्ड असेल तर 10.4 नावाच्या कोडखाली केस जाते, आणि मग ती कंपनी आनंदाने पुरावे पाठवते, हा बघा ऑर्डर दिली त्या फोनचा आयपी ॲड्रेस, तो एडिसनचाच, हा बघा तुमचा पत्ता, हा पार्सल पोचल्याचा ट्रॅकिंग नंबर. सगळं खरं. बँक म्हणते ऑर्डर तुमच्याच घरातून गेली, वस्तू तुमच्याच घरी आली, केस बंद. आणि तुम्ही आधी "मी केलंच नाही" म्हणालेले असता, त्यामुळे नंतर "केलं पण फसवलं" म्हणायला गेलात की खोटं बोलल्यासारखं दिसतं. अशा किती केसेस डोळ्यासमोर गेल्या सांगू, माणूस शंभर टक्के बरोबर आणि शब्द एक चुकला.

तुम्ही असं सांगायचं की 4.95 ची ऑर्डर आमचीच, ती मान्य आहे, आईंना मी कार्ड वापरू दिलं होतं हेही मान्य, पण सॅम्पल फुकट आहे असं सांगून मासिक वर्गणी लावली, ती लावणार हे ऑर्डरच्या पानावर स्पष्ट दाखवलं नव्हतं, त्यासाठी आम्ही संमती दिलेली नाही, आणि कळल्याबरोबर आम्ही रद्द केलंय. इंग्रजीत बोलताना तीन शब्द आवर्जून वापरा, "मिसरिप्रेझेंटेशन" म्हणजे एक सांगून दुसरंच गळ्यात मारणं, "फ्री ट्रायल" आणि "रिकरिंग" म्हणजे ठरावीक दिवसांनी आपोआप कापले जाणारे पैसे. व्हिसामध्ये मिसरिप्रेझेंटेशनचा कोड 13.5 आहे आणि रद्द केल्यानंतरही चालू राहिलेल्या वर्गणीचा 13.2, मास्टरकार्डमध्ये हे सगळं 4853 खाली जातं. कोड तुम्ही सांगायची गरज नाही, पण समोरच्याने कुठला पर्याय निवडला ते विचारा, आणि तो "फ्रॉड" म्हणाला तर तिथेच थांबवा. 3.97 चं वेगळं सांगा, ती दुसऱ्या वस्तूची ऑर्डर आम्ही दिली असं आम्हाला कळलंच नव्हतं.

पण बँकेला फोन करायच्या आधी अर्धा तास दुसरं काम करा. दोन्ही कंपन्यांना लेखी रद्द करा. दोन म्हणतोय कारण स्टेटमेंटवर दोन वेगळी नावं असतील, क्रीमची एक एलएलसी कंपनी आणि सीरमची दुसरी, आणि नावाला चिकटून एक 800 किंवा 888 ने सुरू होणारा नंबर असेल. क्रीमच्या ब्रँडचं नाव तिथे नसतंच, म्हणून तर लोकांना ओळखू येत नाही. एक रद्द केलं की दुसरं आपोआप रद्द होत नाही, त्यांचे फोनवरचे लोक तुम्ही विचारल्याशिवाय दुसऱ्याचं नाव काढणार नाहीत (बहुतेक वेळा फोन उचलणारा माणूस तोच असतो, पण तो तुम्हाला सांगेल की ते खातं वेगळं). फोन करा, कॅन्सलेशन नंबर मागा, तारीख-वेळ लिहा, आणि लगेच त्याच गोष्टीचा ईमेल पाठवा, की आजपासून सगळी वर्गणी रद्द, यापुढे कार्डाला हात लावायचा नाही, पूर्ण रक्कम परत करा, उरलेला माल आम्ही परत पाठवायला तयार आहोत, कुठे पाठवू ते कळवा. हे शेवटचं वाक्य फालतू वाटलं तरी घाला, कारण 13.5 मध्ये बँक विचारते की ग्राहकाने माल परत दिला किंवा परत द्यायचा प्रयत्न केला का. ते बहुतेक उत्तर देणार नाहीत किंवा म्हणतील उघडलेली डबी घेत नाही, दोन्ही चालेल, तुमच्या बाजूने कागद झाला. एप्रिलचं पार्सल अजून उघडलं नसेल तर उघडू नका, त्यावर घेण्यास नकार असं लिहून पोस्टाला परत द्या आणि त्याआधी फोटो काढा.

ते 35 टक्के घेऊ नका. त्यांच्याकडे फोनवर बोलायचा कागद असतो, आधी 35, मग 50, मग "मॅनेजरशी बोलून" 75, आणि तुम्ही बँक किंवा ॲटर्नी जनरल, म्हणजे राज्य सरकारचा मुख्य वकील, असं म्हणालात की कधीकधी पूर्ण. अर्धे घेतले की ते बँकेला लिहून पाठवतात की ग्राहकाशी तडजोड झाली, आणि बँक ते मानते. पूर्ण देतो म्हणाले तर घ्या, पण लेखी, आणि कार्डावर जमा झालेलं दिसेपर्यंत डिस्प्यूट थांबवू नका, "पाच ते सात दिवसांत येतील" हे सांगून तुमची मुदत खायची ही जुनीच युक्ती आहे.

मुदतीचं बघा आता. इथल्या फेअर क्रेडिट बिलिंग ॲक्टप्रमाणे चूक ज्या स्टेटमेंटवर पहिल्यांदा आली ते पाठवल्यापासून 60 दिवसांत तुमचं पत्र बँकेकडे पोचलं पाहिजे. मार्चचे दोन्ही मोठे चार्ज आणि ते 3.97 तुमच्या 25 मार्चच्या स्टेटमेंटवर आलेत, म्हणजे 24 मे. टाकलं पाहिजे नाही, पोचलं पाहिजे. आणि पत्र म्हणजे पत्र, ॲपमधलं बटण किंवा फोन चालतो, बँका घेतातही, पण कायद्याचं पूर्ण संरक्षण लेखी पत्राला आहे, आणि ते बिल भरायच्या पत्त्यावर नाही, स्टेटमेंटच्या मागे "बिलिंग इन्क्वायरीज" म्हणून वेगळा पत्ता असतो तिथे, सर्टिफाइड मेलने. बँकेने 30 दिवसांत पोच द्यायची आणि दोन बिलिंग सायकलमध्ये, जास्तीत जास्त 90 दिवसांत, निकाल द्यायचा. तोवर वादातले 353.33 तुम्ही भरायची गरज नाही, बाकीचं बिल मात्र वेळेवर भरा. (कार्ड नेटवर्कचे स्वतःचे नियम साधारण 120 दिवस देतात म्हणून साठ उलटले तरी प्रयत्न करून बघता येतो, पण ते बँकेच्या मर्जीवर.)

हे डेबिट कार्ड असतं तर मी एवढा निवांत लिहीत बसलो नसतो. त्यात पैसे तुमच्या खात्यातून गेलेले असतात आणि कायदाही वेगळा लागतो. तिथे पुढचा हप्ता थांबवायचा असेल तर किमान तीन कामाचे दिवस आधी बँकेला सांगावं लागतं.

आता खरी लढाई कुठे होते ते सांगतो, कारण इथेच माणसं गारद होतात. तुम्ही डिस्प्यूट टाकला की बँक तात्पुरते पैसे जमा करते आणि लोक खूश होऊन विसरून जातात. तीन-चार आठवड्यांनी कंपनी उत्तर पाठवते, सात-आठ पानांची पीडीएफ. त्यात ऑर्डरच्या पानाचा स्क्रीनशॉट असतो, आणि त्या स्क्रीनशॉटमध्ये सगळं कसं छान दिसतं, मोठ्या अक्षरात लिहिलंय 14 दिवसांनी 89.97 लागतील, शेजारी चौकोन, त्यात टिक. बँकेचा माणूस ते बघतो आणि म्हणतो सगळं तर दाखवलंय, पैसे परत कापा. ग्राहक म्हणतो अहो हे पान मी बघितलंच नाही. आणि तो खरं बोलत असतो.

कारण पानं दोन असतात. कंपनीचा पत्ता ब्राउझरमध्ये नुसता टाइप करून गेलात तर स्वच्छ पान उघडतं, किंमत, अटी, चौकोन सगळं. कार्ड स्वीकारायची परवानगी घेताना बँकेला हेच पान दाखवलेलं असतं. पण फेसबुकच्या जाहिरातीवरून गेलात तर लिंकच्या शेपटाला लांबलचक अक्षरं जोडलेली असतात, त्यावरून सर्व्हरला कळतं की हा जाहिरातीवरून आलाय, आणि त्याला दुसरं पान दाखवलं जातं, त्यात उलटं चालणारं घड्याळ, फक्त 12 डब्या शिल्लक, आणि अटी कुठेतरी तळाला करड्या अक्षरात वेगळ्या लिंकमागे. बँकांना दाखवायला अशी वेगळी पानं ठेवण्याबद्दल एफटीसीने एकाहून जास्त खटल्यांत लिहिलंय.

त्यामुळे तुमचा सगळ्यात मोठा पुरावा आईंनी ऑर्डर दिली त्या फोनमध्ये आहे. आज रात्रीच काढा, ब्राउझरची हिस्ट्री काही पुसू नका. 3 मार्चची हिस्ट्री उघडा, जाहिरातीवरून ज्या पत्त्यावर गेल्या तो पूर्ण पत्ता, शेपटासकट, दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या. फेसबुकच्या आतच पान उघडलं असेल तर ते ब्राउझरच्या हिस्ट्रीत नसतं, मग फेसबुकच्या सेटिंगमध्ये अलीकडे बघितलेल्या जाहिराती शोधा, जाहिरात सापडली तर तिचा फोटो. मग ऑर्डरचा आलेला ईमेल. हा ईमेल फार कामाचा, कारण त्यात बहुतेक वेळा लिहिलेलं असतं एकूण 4.95 आणि वर्गणीचा एक शब्द नसतो. पार्सलमधली पावती असली तर तीही. कंपनीची पीडीएफ आली की तिच्या स्क्रीनशॉटमधला पत्ता आणि तुमच्या हिस्ट्रीतला पत्ता शेजारी ठेवा, वेगळे निघाले तर बँकेला दोन ओळी लिहा की त्यांनी दाखवलेलं पान हे आम्ही ऑर्डर दिलेलं पान नाही, हा पुरावा. स्क्रीनशॉटवर तारीख नसते हेही बघा, बऱ्याचदा ऑर्डरनंतर काढलेला असतो. मी खात्यात असताना अशी एक केस आली होती, निवृत्त शिक्षिका होत्या, त्यांनी त्या दिवशीच्या पानाचं प्रिंटआउट काढून फाइलला लावलेलं, सवयच त्यांना तशी. कंपनीच्या स्क्रीनशॉटमध्ये चौकोन होता, त्यांच्या कागदात नव्हता. दहा मिनिटांत निकाल.

आयपी आणि ट्रॅकिंगच्या पानांना उत्तर देऊ नका, ते तुम्ही नाकारतच नाही आहात. म्हणून तर फ्रॉड म्हणू नका म्हणालो.

बँकेने तरीही नाही म्हटलं तर कायद्याचं नाव घ्या. 2010 चा रोस्का म्हणून कायदा आहे, रिस्टोअर ऑनलाइन शॉपर्स कॉन्फिडन्स ॲक्ट. तो म्हणतो कार्डाची माहिती घ्यायच्या आधी सगळ्या महत्त्वाच्या अटी स्पष्ट सांगा, उघड संमती घ्या, आणि रद्द करायचा सोपा रस्ता द्या. "एका क्लिकमध्ये रद्द"चा जो नवीन नियम एफटीसीने 2024 मध्ये केला होता तो जुलै 2025 मध्ये कोर्टाने रद्द केला, त्यावरून काही लोकांना वाटतं की आता काहीच कायदा नाही, तसं नाही, रोस्का जागच्या जागी आहे. मास्टरकार्ड असेल तर अजून एक धागा आहे, त्यांनी एप्रिल 2019 पासून नियम केला की वस्तूंच्या ट्रायलनंतर पैसे कापायच्या आधी रक्कम आणि तारीख कळवून ग्राहकाची परत मंजुरी घ्यायची. असा मेसेज किंवा ईमेल आला होता का, स्पॅम फोल्डरसकट बघा. नसेल आला तर "नियमाप्रमाणे मंजुरी कुठे घेतली ते दाखवा" एवढंच बँकेला विचारायला सांगा. व्हिसानेही 2020 मध्ये ट्रायल संपायच्या आधी आठवण करून देण्याचा नियम केला.

मग एवढे नियम असताना हे चालतं कसं, हा प्रश्न मला आमच्या घरातही विचारतात. अशा वर्गणीवाल्या दुकानांना कार्डाच्या दुनियेत वेगळा नंबर असतो, 5968, त्याच्यावर बँकांची बारीक नजर असते. हे लोक अर्ज करताना सौंदर्यप्रसाधनांचं साधं दुकान म्हणून करतात, तो नंबर वेगळा, मग नजर चुकते. आणि एका खात्यावर तक्रारींचं प्रमाण ठरावीक टक्क्याच्या वर गेलं की बँक खातं बंद करते, म्हणून हे लोक एक खातं ठेवतच नाहीत, वीस-तीस कंपन्या काढतात, कागदावर मालक म्हणून कोणाला तरी महिन्याचे थोडे पैसे देऊन उभं करतात, आणि विक्री सगळ्या खात्यांत वाटून टाकतात म्हणजे कुठल्याच खात्याचं प्रमाण वर जात नाही. एपेक्स कॅपिटल ग्रुप नावाच्या टोळीवर एफटीसीने 2018 मध्ये हाच आरोप ठेवला होता, नावापुरते मालक, बनावट कंपन्या. तुमच्या स्टेटमेंटवर एकाच पार्सलची दोन नावं का, त्याचं उत्तर यातच आहे. आणि पैसे परत मिळवायला सरकारवर अवलंबून का राहायचं नाही तेही कळेल, 2012 मध्ये कॅनडाच्या जेसी विल्म्सविरुद्ध याच धंद्यासाठी 359 मिलियन डॉलरचा निवाडा झाला, पण त्याच्याकडे जे उरलं होतं ते देऊन बाकीची रक्कम स्थगित झाली. तक्रार जरूर करा, reportfraud.ftc.gov वर आणि न्यू जर्सीच्या ॲटर्नी जनरलकडे, त्याने पुढचा खटला उभा राहतो. तुमचे 353 मात्र बँकेकडूनच येणार. बँकच दाद देत नसेल तर बँकेविरुद्ध consumerfinance.gov या सरकारी साइटवर तक्रार टाका, ती बँकेत वेगळ्या टेबलावर जाते, हे मी आतून बघितलंय.

कार्ड बदलण्याबद्दल. व्हिसा आणि मास्टरकार्ड दोघांकडे एक सोय आहे, व्हिसाच्या सोयीचं नाव अकाउंट अपडेटर. तुमचं कार्ड बदललं की नवीन नंबर वर्गणीवाल्या दुकानांना आपोआप कळवला जातो, म्हणजे तुमचं विजेचं बिल किंवा जिम अडू नये म्हणून. चांगल्या हेतूने केलेली गोष्ट, पण हे लोकही त्याच रांगेत उभे असतात. कार्ड नवीन घेतलं, निश्चिंत झाले, आणि पुढच्या महिन्यात नवीन कार्डावर तेच 89.97, असे फोन मला आठवड्याला दोन तरी यायचे. म्हणून बँकेला तीन गोष्टी एकत्र सांगा, नवीन नंबर द्या, तो अपडेटरमधून बाहेर ठेवा, आणि या दोन्ही नावांवर रिकरिंग ब्लॉक टाका. पहिल्या माणसाला अपडेटर म्हणजे काय माहीत नसेल, डिस्प्यूट खात्याशी जोडून द्या म्हणा.

आई पुण्याला किंवा जिथे असतील तिथे परत गेल्या की त्यांच्या भारतातल्या कार्डाचंही बघा, कारण जाहिराती तिथेही तशाच दिसतात. भारतातल्या दुकानात ओटीपी लागतो आणि 2021 पासून कार्डावरच्या मासिक हप्त्यासाठी रिझर्व्ह बँकेने आधी मंजुरी आणि कापायच्या 24 तास आधी मेसेज सक्तीचा केलाय, त्यामुळे हे असं गुपचूप करणं तिथे अवघड आहे. पण परदेशातलं दुकान ओटीपीशिवाय पैसे कापू शकतं, म्हणून बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार बंद करून टाका, बटण असतं. यूपीआयवर "फक्त शिपिंगचे 49 रुपये" भरताना पिन टाकायच्या पानावर ऑटोपे किंवा मँडेट हा शब्द दिसला तर तो एकदाचा व्यवहार नाही हे आईंना सांगून ठेवा, चुकून झालाच तर ॲपच्या ऑटोपे विभागात जाऊन तो रद्द करता येतो. तिथल्या सरकारने 2023 मध्ये ज्या 13 फसव्या पद्धतींवर बंदी घातली त्यात अशी वर्गणीत अडकवणं नावानिशी आहे, तक्रार 1915 वर.

आणि कॅलेंडरमध्ये 16 मे आणि 20 मे लिहून ठेवा, रद्द झालं नसेल तर पुढचे चार्ज त्या दिवशी येतील. त्या आठवड्यात नव्याच अनोळखी नावाने दीड-दोन डॉलरचा चार्ज दिसला तरी सोडू नका, कार्ड अजून चालतंय का हे बघायला तसा टाकतात. असा छोटा चार्ज आला तर त्याच दिवशी बँकेला फोन, आणि तेव्हा मात्र खुशाल फ्रॉड म्हणा, कारण रद्द केल्याचा ईमेल तुमच्या हातात असेल आणि तो व्यवहार खरंच तुम्ही केलेला नसेल.